करारातल्या तारखा आणि मावळातला पाऊस

करार 31 पानांचा होता. पहिलं पान पाचशे रुपयांच्या मुद्रांकाचं, पुढे चौदा पानं कलमं आणि मग चार जोडपत्रं: कामाची व्याप्ती, टप्प्यांचा तक्ता, अंदाजपत्रक आणि अहवालांचे नमुने. पैसे देणारी तळेगाव पट्ट्यातली एक कंपनी, सीएसआरच्या निधीतून. काम करणारी कामशेतजवळची एक लहान संस्था. नाणे मावळात डोंगराच्या कडेला असलेल्या वाड्यांवरचे झरे पक्के बांधायचे, खाली साठवण टाकी करायची आणि पाइपातून उताराने पाणी वाडीपर्यंत आणायचं, एवढं काम. रक्कम 42 लाख, मुदत 18 महिने. दोन्ही बाजूंची ओळख पटू नये म्हणून इथे आकडे आणि तारखा बदलल्या आहेत. त्या एकमेकींत कशा अडकल्या होत्या ते मात्र तसंच ठेवलं आहे.

लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी वरच्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन झऱ्यापाशी रांगेत बसतात. खालची धरणं भरलेली असतात. त्यातल्या टाटांच्या तलावांचं पाणी 1915 पासून घाटाखाली खोपोलीला वीज करायला जातं. वाडी धरणाच्या वर असते आणि वर जे काही आहे ते कातळाच्या भेगेतून झिरपणारं. म्हणून झरा.

करारावर सह्या झाल्या की देखरेखीचा आराखडा करायला अशा संस्था मला बोलावतात. आराखडा म्हणजे शेवटी एक एक्सेल शीट. काय करायचं, किती, कधीपर्यंत, कुणी, कोणत्या पैशातून आणि झालं हे कशावरून, असे रकाने. त्या आधी एक रकाना असतो आणि तो मी कधीच सोडत नाही: कलमाचा क्रमांक. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की ही तारीख कुठून आली, तर बोट ठेवायला जागा हवी. आराखड्यातल्या ज्या ओळीला कलम नाही, ती ओळ कुणाच्या तरी आठवणीतून आलेली असते आणि आठवणीवर हप्ता मिळत नाही.

पहिल्या वाचनात मी फक्त क्रियापदं शोधते. करार इंग्रजीत असतो आणि त्यात 'शॅल' हा शब्द जिथे जिथे येतो, तिथे कुणीतरी कशाला तरी बांधलं गेलेलं असतं. अशी सगळी वाक्यं पेन्सिलने अधोरेखित करायची आणि मग त्यांचे तुकडे करायचे. टप्प्यांच्या तक्त्यात एक ओळ अशी होती: संस्था आठ महिन्यांत तीन झऱ्यांचं बांधकाम, पाण्याची तपासणी आणि पाणी समितीकडे हस्तांतरण पूर्ण करील. वाचताना हे एकच काम वाटतं. पण बांधकाम संपतं मिस्त्रीच्या हातून आणि त्याचा पुरावा मोजमाप पुस्तकात असतो. तपासणी पूर्ण होते प्रयोगशाळेचा कागद आल्यावर. हस्तांतरण होतं ते समितीच्या ठरावाने. तीन माणसं, तीन दिवस, तीन कागद. शीटमध्ये या तीन ओळी केल्या नाहीत, तर आठव्या महिन्यात बांधकाम झालेलं असतं, टप्पा अपुरा असतो आणि कशामुळे अपुरा हे कुणालाच पटकन सांगता येत नाही.

तक्त्यात पाचच टप्पे होते. आमच्या शीटमध्ये 34 ओळी झाल्या. उरलेल्या कलमांच्या पोटात होत्या: पन्नास हजारांवरच्या खरेदीला तीन दरपत्रकं, फलकावरचा कंपनीचा लोगो सात दिवस आधी मंजूर करून घेणं, वेगळं बँक खातं, त्या खात्यावर पडणारं व्याज प्रकल्पातच खर्च करणं, मालमत्तेची नोंदवही. यातलं एकही काम जड नाही. पण लेखापरीक्षणात संस्था अडते ती बहुतेक वेळा यांच्यावरच, कारण टप्प्यांच्या तक्त्यात ती दिसत नाहीत.

दुसऱ्या वाचनात आकडे. इथे मी जोडपत्रं शेजारी शेजारी मांडते आणि एकच गोष्ट सगळीकडे तितकीच आहे का ते बघते. या करारात कलम 2 म्हणत होतं की आठ वाड्यांना पिण्याचं पाणी मिळेल. कामाच्या व्याप्तीत लिहिलं होतं, आठ झऱ्यांचं सर्वेक्षण आणि त्यांतल्या सहांचं बांधकाम. अंदाजपत्रकात सहा बांधकामं, प्रत्येकी 3,75,000 प्रमाणे 22,50,000.

समन्वयक ताईंना यात काही अडचण वाटली नाही. "आठ बघायचे आणि सहा करायचे, हे प्रस्तावापासून ठरलेलंच आहे," त्या म्हणाल्या. "कंपनीच्या मॅडमनाही माहीत आहे."

मी त्यांना कलमांचं शेवटून दुसरं पान दाखवलं. तिथे नेहमीचं एक कलम होतं: करार आणि जोडपत्रं यांत विसंगती आढळल्यास करारातली कलमं ग्राह्य धरली जातील. म्हणजे सहाचं गणित ज्या दोन कागदांवर आहे ते दोन्ही दुय्यम, आणि आठ हा आकडा वरचढ. मॅडम आहेत तोवर प्रश्न नाही. पण 18 महिन्यांत त्यांची बदली झाली आणि नवीन माणसाने फाइल उघडली, तर तो कलम 2 वाचेल आणि विचारेल की उरलेल्या दोन वाड्या कुठे आहेत. त्याचं काही चुकणार नाही.

अशा विसंगतीत आराखड्यात कोणता आकडा लिहायचा? माझं मत असं की दोन्ही लिहायचे, दोन्हींची कलमं लिहायची, ओळ पिवळी करायची आणि खुलाशाचं पत्र तयार करायचं. स्वतःच्या समजुतीने सहा लिहून पुढे गेलं की शीट स्वच्छ दिसते, पण वाद करारात तसाच राहतो. आराखडा म्हणजे कराराचा सारांश असं अनेक संस्था समजतात. मला तो दुरुस्तीची यादी वाटतो: करारातली एकमेकांपासून लांब असलेली वाक्यं एका ओळीत आणली की कुठे पटत नाही ते दिसतं आणि पहिला हप्ता येण्याच्या सुमारास ते विचारता येतं. तेव्हा दोन्ही बाजू समजुतीच्या असतात. नंतर प्रत्येक दुरुस्तीला कुणाचा तरी दोष चिकटतो.

तारखांचं काम याहून किचकट. या करारात वेळ तीन प्रकारांनी मोजली होती. काही मुदती करार लागू झाल्यापासून, म्हणजे शेवटची सही झाली त्या 29 नोव्हेंबरपासून. सर्वेक्षणाचे तीन महिने मात्र पहिला हप्ता खात्यात जमा झाल्यापासून, आणि तो आला 16 जानेवारीला. काही अहवाल आर्थिक वर्षाप्रमाणे, 31 मार्चला बांधलेले. शीटमध्ये या तारखा हाताने टाइप केल्या की हप्ता लांबला तरी जुनीच तारीख तिथे बसून राहते. म्हणून मूळ तारखा वर दोन घरांत लिहायच्या आणि बाकीच्या त्यांच्यावरून मोजू द्यायच्या:

```
B2: 29-11   (करार लागू)
B3: 16-01   (पहिला हप्ता जमा)

सर्वेक्षण पूर्ण:   =EDATE($B$3,3)
पहिले तीन झरे:    =EDATE($B$2,8)
उरलेले तीन झरे:   =EDATE($B$2,14)
कराराची मुदत:     =EDATE($B$2,18)
```

उत्तरं आली: सर्वेक्षण 16 एप्रिल, पहिले तीन झरे 29 जुलै, उरलेले तीन 29 जानेवारी, अखेर 29 मे. मग ताईंना म्हटलं की आता शेजारच्या रकान्यात मावळातला महिना लिहा.

29 जुलैला नाणे मावळात झऱ्यापाशी सिमेंट कालवता येत नाही. आगोट लागली की डोंगराच्या वाटा निसरड्या होतात, वाळू-खडी वर चढत नाही आणि झऱ्याच्या तोंडाशी खणलं तर गढूळ पाणी आत शिरतं. शिवाय तेव्हा भाताची आवणी चालू असते. वाडीतला प्रत्येक हात खाचरात असतो. समितीची बैठक बोलावली तर कुणी येणार नाही आणि बोलावूही नये. करारातले आठ महिने कागदावर आठ आहेत, पण बांधकामाला त्यातले फेब्रुवारी ते मे एवढेच. त्यातही दाढ भाजण्याचे दिवस वजा करायचे.

मग पहिले तीन झरे मेपूर्वीच का नाही बांधायचे? ताईंनी हेच विचारलं. त्याचं उत्तर झऱ्यात आहे. टाकी केवढी बांधायची हे झऱ्याच्या सगळ्यात कमी प्रवाहावरून ठरतं आणि तो प्रवाह मोजायचा दिवस मेच्या शेवटच्या पंधरवड्यात येतो, वळवाची सर पडायच्या आत. मोजमाप साधं: दहा लिटरची बादली पाइपाखाली धरायची आणि भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. करारातलं सर्वेक्षण 16 एप्रिलला संपतं, म्हणजे गरजेचा आकडा मिळायच्या महिनाभर आधी. सर्वेक्षणाची तारीख ज्याने लिहिली त्याने पैशाकडे बघून लिहिली आणि बांधकामाची तारीख हप्त्यांकडे बघून. झऱ्याचं वेळापत्रक दोन्हींत नव्हतं.

हे मोजमाप किती महत्त्वाचं ठरलं ते पुढे मे महिन्यात कळलं. एका वाडीच्या झऱ्यावर बादली भरायला चार मिनिटं लागली. मिनिटाला अडीच लिटर म्हणजे चोवीस तासांत 3,600 लिटर. वाडीत 35 घरं, सुमारे 170 माणसं. रात्रीचं सगळं पाणी टाकीत साठवलं, एक थेंब वाया गेला नाही, तरी माणशी 21 लिटर. आणि कामाच्या व्याप्तीच्या जोडपत्रात एक ओळ होती: प्रत्येक वाडीत वर्षभर माणशी रोज 55 लिटर पाणी. हा आकडा जल जीवन मिशनचा निकष आहे आणि प्रस्ताव लिहिणाऱ्याने तो तिथून उचलला असणार. निकष म्हणून तो योग्यच आहे. पण संस्थेने करारात लिहून दिलेलं वचन म्हणून तो त्या झऱ्याच्या हातात होता, संस्थेच्या नाही.

म्हणून आराखड्यात मी दोन प्रकारच्या ओळी वेगळ्या रंगात ठेवते. एक, जे संस्था करू शकते: झऱ्याची पेटी बांधणं, टाकी, पाइप, तपासणी, समिती. दोन, त्यातून जे घडावं अशी आशा आहे: माणशी लिटर, बायकांचा वाचलेला वेळ, जुलाबाचं कमी झालेलं प्रमाण. पहिल्यांवर हप्ता बांधला जावा, दुसऱ्यांवर फक्त मोजमाप. करारात हे दोन्ही एकाच 'डिलिव्हरेबल'च्या मथळ्याखाली असतात आणि नेमकं तिथे घोटाळा होतो. खुलाशाच्या पत्रात आम्ही सुरुवातीलाच मागितलं होतं की 55 लिटरच्या जागी 'मे महिन्यात मोजलेल्या किमान प्रवाहाच्या प्रमाणात' असं लिहावं. मेमध्ये ते पत्र उपयोगी पडलं, कारण ते मेच्या आधीचं होतं.

आठांपैकी दोन झरे वनखात्याच्या हद्दीत होते. करारात त्यावर एकच वाक्य: आवश्यक परवानग्या संस्था घेईल. या वाक्याला तारीख नाही, पैसे नाहीत. वन हक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय आणि पाइपलाइन या कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, पण ग्रामसभेची शिफारस लागते आणि सुविधा शासनाच्या व्यवस्थापनातली असावी लागते. म्हणून प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत जातो आणि मग वनक्षेत्रपालांकडून वर. ग्रामसभा नेहमीच्या रिवाजाने 26 जानेवारीला, मग 1 मेला. जानेवारीची हुकली की विशेष सभा मागावी लागते किंवा तीन महिने थांबावं लागतं. करारातल्या त्या एका वाक्याच्या आम्ही चार ओळी केल्या आणि पहिल्या ओळीची तारीख 26 जानेवारीच्या आधीची टाकली. शीटमधली सगळ्यात तातडीची तारीख हीच निघाली, आणि टप्प्यांच्या तक्त्यात तिचा पत्ताच नव्हता.

आता पैसे. अंदाजपत्रकातून आराखड्यात आकडे आणताना लोक शीर्षाची एकूण रक्कम आणतात. मी एकक आणते. 22,50,000 हा आकडा काही सांगत नाही. 3,75,000 गुणिले सहा सांगतो. कारण मिस्त्रीचा भाव येतो तो एका झऱ्याचा.

एका ठेकेदाराचं दरपत्रक 3,60,000 चं होतं. संस्थेचा हिशेब सांभाळणारे काका खूश झाले, पंधरा हजार वाचले म्हणून. दरपत्रकाच्या तळाशी 'जीएसटी वेगळा' असं होतं. 18 टक्के म्हणजे 64,800. एक झरा 4,24,800 ला. इकडे अंदाजपत्रकाच्या तळटीपेत होतं की सर्व रकमा करांसह आहेत. एका झऱ्यामागे 49,800 जास्त, सहांना मिळून 2,98,800.

"दहा टक्क्यांची मुभा आहे ना करारात," काका म्हणाले.

मुभा होती: एका शीर्षातून दुसऱ्यात 10 टक्क्यांपर्यंत रक्कम पूर्वपरवानगीशिवाय वळवता येईल. पण कशाचे 10 टक्के? बांधकामाच्या शीर्षाचे धरले तर 2,25,000, आणि तेही अपुरे. ज्या शीर्षातून काढायचे त्याचे धरले तर मनुष्यबळाच्या 9,00,000 मधून फक्त 90,000 निघतात. कलमात स्पष्ट नव्हतं. असा संदिग्ध आकडा आराखड्यात घेताना नेहमी कमी पडणारा अर्थ घ्यावा, असं माझं म्हणणं असतं. कंपनीने मोठा अर्थ मान्य केला तर उत्तमच, पण काम त्याच्या भरवशावर आखू नये.

तोडगा काकांनीच काढला. संस्थेने सिमेंट, वाळू, टाकीचं साहित्य, पाइप स्वतः बिलाने घ्यायचं आणि गावातल्या मिस्त्रीला फक्त मजुरी द्यायची. त्याची वर्षाची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या खूप खाली. साहित्य करांसह 2,35,000 आणि मजुरी 1,30,000, मिळून 3,65,000. एककाच्या आत. पण यामुळे पन्नास हजारांवरच्या खरेदी वाढल्या आणि प्रत्येकीला तीन दरपत्रकं हे ते कलम जागं झालं. शीटमध्ये खरेदीच्या ओळीखाली त्याची ओळ लगेच जोडली. कलमाचा क्रमांक पहिल्या रकान्यात असला की असे जोड दिसतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला हप्त्यांवर. हप्ते तीन: 40, 40 आणि 20 टक्के. म्हणजे 16,80,000, पुन्हा 16,80,000 आणि शेवटी 8,40,000. दुसरा हप्ता मिळण्यासाठी पहिल्यातले 75 टक्के, म्हणजे 12,60,000 खर्च झालेले असावेत. कंपनी अहवाल 30 कामकाजाच्या दिवसांत तपासेल आणि मंजुरीनंतर पंधरा दिवसांत पैसे देईल.

बांधकाम पावसानंतर गेलं की हे गणित पालटतं. आम्ही महिन्यानुसार खर्च मांडला. समन्वयक आणि दोन स्थानिक कार्यकर्ते यांचे पगार महिन्याला 50,000, प्रवास 6,000. सर्वेक्षण, काही तपासण्या, समित्यांची पहिली प्रशिक्षणं, थोडा प्रशासकीय खर्च. सप्टेंबरअखेर बेरीज आली 11,20,000. अट पूर्ण होत नव्हती. नोव्हेंबरात पहिला झरा बांधला की ती पूर्ण होईल, पण तोवर खात्यात जेमतेम 83,000 उरतील, पाच झरे बाकी असतील आणि पैसे यायला फेब्रुवारी उजाडेल. कोरडे महिने चार-पाचच, त्यातले अडीच पैशाची वाट बघण्यात जाणार.

उपाय कराराच्या आतच होता. खर्च म्हणजे पूर्ण झालेलं बांधकाम असं करारात कुठेही नव्हतं. मंजूर शीर्षातला बिलासह झालेला खर्च, एवढंच होतं. मेच्या मोजमापावरून आराखडे जूनमध्ये तयार झाले होते, त्यामुळे किती मीटर पाइप लागणार ते कळलं होतं. काळा एचडीपीई पाइप पावसात खराब होत नाही. तो सप्टेंबरात एकदम घेतला तर 1,52,000 खर्ची पडतात आणि बेरीज 12,72,000 वर जाते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मागणी पाठवायची. मध्ये दिवाळीची सुट्टी धरली तरी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हप्ता येतो. तोपर्यंत ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पगार आणि प्रवास जाऊन 2,96,000 हातात राहतात, एका झऱ्याचं काम सुरू करायला पुरेसे. एक खरेदी पुढे आणली आणि दोन महिने वाचले. टप्पे एका शीटवर आणि पैसे दुसऱ्या शीटवर ठेवले असते तर हे दिसलं नसतं. माझा आग्रह असतो तो याच कारणाने: टप्प्याच्या ओळीतच त्याचा खर्च आणि तो कोणत्या हप्त्यातून, हे दोन रकाने.

31 मार्चच्या ओळीबद्दल ताईंना शंका होती. एवढ्या लवकर खर्चाचा दाखला कशाला, अजून तर काही बांधलंही नाही. पण कंपनीची स्वतःची अडचण असते. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर, संस्थेला पैसे दिले म्हणजे सीएसआरचा खर्च झाला असं धरलं जात नाही. ते ठरल्या कामावर वापरले गेले हे कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. चालू राहणाऱ्या प्रकल्पात न वापरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. तेव्हा 31 मार्चला संस्थेने खर्च किती झाला हे खरं आणि लवकर सांगणं गरजेचं, मग तो कमी का असेना. आमच्या शीटमध्ये या ओळीला हप्त्याच्या ओळीइतकाच गडद रंग होता. ज्या संस्था इथे आकडा फुगवून सांगतात, त्यांना पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा दाखवता येत नाही आणि हिशेब कायमचा वाकडा होतो. हे ओळखायची खूण सोपी आहे: दाखल्यावरचा खर्च आणि त्या दिवशीची बँकेतली शिल्लक यांची बेरीज आलेल्या पैशांइतकी आहे का, व्याज धरून.

खुलाशाचं पत्र दोन पानांचं झालं. पाच मुद्दे, प्रत्येकाशेजारी कलम, आणि आम्हाला हवा असलेला नेमका मजकूर. "काय अडचण आहे" एवढंच लिहिलं की समोरच्याला विचार करावा लागतो. मजकूरच दिला की त्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. आठाच्या जागी सहा वाड्या मान्य झाल्या. प्रवाहाच्या प्रमाणात पाणी, हेही झालं. पहिल्या तीन झऱ्यांची तारीख 29 जुलैवरून 31 जानेवारीला आणि उरलेल्यांची एप्रिलअखेर गेली. सर्वेक्षणाची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. हे सगळं पुरवणी करार म्हणून सही होऊन आलं, आणि शीटमध्ये प्रत्येक बदललेल्या ओळीत जुन्या कलमाशेजारी पुरवणीचं कलम लिहिलं. जुनी तारीख पुसली नाही, खोडून ठेवली.

पाचवा मुद्दा मान्य झाला नाही. शेवटचे 20 टक्के सगळी कामं आणि अंतिम अहवाल झाल्यावरच मिळतील, असं होतं. आम्ही त्यातले अर्धे सहाव्या झऱ्याचं बांधकाम संपल्यावर मागितले होते. कंपनीचं धोरण सगळ्या संस्थांना सारखं आहे, असं उत्तर आलं. म्हणजे महिन्यांच्या रांगेत मार्चपासून पुढे खात्यात पैसे नाहीत, कामं मात्र चालू. अंतिम अहवालाला जूनअखेरपर्यंत मुदत, त्यानंतर तपासणी. 8,40,000 यायला ऑगस्ट-सप्टेंबर.

काकांनी आधी सुचवलं की मिस्त्रीची शेवटची बिलं तेवढी थांबवावीत. ताईंनी ते लगेच नाकारलं आणि मला ते अगदी पटलं. मिस्त्री वाडीतलाच, त्याच्या हाताखाली वाडीतलेच चार-पाच जण. 8,40,000 चा भार कंपनीकडून संस्थेवर आला तो त्यांच्यावर ढकलायचा, हे कोणत्याही कलमात बसत असलं तरी बरोबर नाही.

हा खड्डा आधीच दिसला होता हा आराखड्याचा फायदा. विश्वस्तांच्या डिसेंबरच्या बैठकीत शीटची तेवढीच चार महिन्यांची पट्टी छापून नेली. संस्थेच्या कायम निधीतली एक मुदत ठेव फेब्रुवारीत संपत होती. ती पुन्हा न गुंतवता बचत खात्यात ठेवायची, प्रकल्पाला तात्पुरती उसनी द्यायची आणि शेवटचा हप्ता आल्यावर परत घ्यायची, असा ठराव झाला. ठरावाचा क्रमांक आणि तारीख शीटच्या पस्तिसाव्या ओळीत आली. त्या ओळीच्या पहिल्या रकान्यात कराराचं कलम नाही, हप्त्यांच्या कलमाचा क्रमांक तिथे नुसता संदर्भ म्हणून आहे, कारण हा पैसा करारात कुठेच नाही.